मदत हवी आहे: शाळेच्या गरजांचा सर्व्हे केला, आता क्रम कसा लावू?

गोदाकाठ
शाळा विकास आराखडा करायचा आहे. पालकांकडून फॉर्म भरून घेतले, काहींनी एकाहून जास्त गरजा लिहिल्या. संगणक ३३ जणांनी लिहिले, कुंपणभिंत २७, स्वच्छतागृह ६, हंगामी वसतिगृह ३. मुख्याध्यापक म्हणतात, याच क्रमाने लिहून टाका. मला ते पटत नाही, पण का ते नीट सांगता येत नाही. गुरुवारी समितीची बैठक आहे. लवकर सांगा.

पुणेरी_पंत
गूगल फॉर्म करा. आमच्या सोसायटीत पार्किंगसाठी केला होता, तक्ता आपोआप तयार होतो.

शेवगा
शाळा कुठली, पट किती, फॉर्म किती आले आणि भरले कुणी? त्याशिवाय काय सांगणार?

गोदाकाठ
अहो, जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत. बीड जिल्हा. फॉर्म ४१ आले. पालकसभेत वाटले होते.

शेवगा
पट? आणि सभा कधी झाली?

गोदाकाठ
पट ११८. गावठाणातली ५२, मळ्यातली २८, तांड्यावरची ३८ मुलं. सभा दिवाळीनंतर झाली. तांड्यावरचे लोक तेव्हा ऊसतोडीला गेलेलेच असतात, त्यात काय सांगायचं?

शेवगा
सगळं त्यातच आहे. ४१ पैकी तांड्याचे फॉर्म किती?

गोदाकाठ
आत्ता मोजले. ३. गावठाण २९, मळा ९. आणि वसतिगृह लिहिणारे तिघेही तांड्याचेच.

आकडेमोड
सोपं आहे. तांडा पटाच्या जवळपास एक तृतीयांश आहे, फॉर्म मात्र ३. वस्तीच्या पटाप्रमाणे प्रत्येक फॉर्मला वजन द्या. तांड्याच्या एका फॉर्मचं वजन साधारण १३ मुलांचं होईल, आणि वसतिगृहाचं पारडं बरंच जड होईल.

शेवगा
दुखणं बरोबर ओळखलंत, पण औषध चुकलं. ते तिघे सभेला येऊ शकले, म्हणजे गावातच राहिलेले. त्यांना १३ ने गुणलं तरी गेलेल्यांचं म्हणणं कळत नाही, तीनच घरांचा आवाज मोठा होतो. गोदाकाठ, पटनोंदवहीतून तांड्याच्या मुलांची नावं काढा आणि दर तिसऱ्या मुलाच्या घरी जा. आजी-आजोबा असतात. आई-बापाचा नंबर मुकादमाकडे मिळेल. रात्री जेवणानंतर फोन करा, दिवसा ते फडात असतात. १२-१३ घरं दोन संध्याकाळींत होतात.

आकडेमोड
आणि गावठाणातल्या ५२ मुलांच्या पालकांचं मत गेलं कुठे? बहुमत हीच लोकशाही आहे.

शेवगा
मत राहू द्या की. तीन वस्त्यांचे तीन रकाने करा, बेरीज करू नका. तिन्हीकडे वर येईल ते निर्विवाद. एकाच रकान्यात वर येईल त्यावर समितीनं समोरासमोर बोलावं. बेरजेत नेमकं तेच बोलणं बुडतं.

कुंदाताई_अंगणवाडी
दादा, स्वच्छतागृह लिहिणाऱ्या सहांमध्ये बायका किती? आणि सहावी-सातवीच्या पोरींना विचारलंत का?

गोदाकाठ
सहाही आयाच. मुलींना विचारलं नाही. स्वच्छतागृह आहे ना, बांधून चार वर्षं झाली.

कुंदाताई_अंगणवाडी
आहे म्हणूनच बाप लिहीत नाहीत. आमच्या गावात दाराची कडी तुटलेली होती. एक पोरगी आत, दुसरी बाहेरून दार ओढून धरायची. पोरी सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. "काय हवं" विचारलं तर त्या संगणकच सांगतात. बाईंनी एकटं बसवून विचारावं, गेल्या महिन्यात कुठल्या दिवशी आली नाहीस, त्या दिवशी काय झालं होतं? मग हजेरीशी ताडून बघा.

पुणेरी_पंत
प्रत्येक गरजेला एक ते पाच गुण द्यायला सांगा आणि सरासरी काढा.

कुंदाताई_अंगणवाडी
सगळ्याला पाचच देतात हो. त्यापेक्षा दहा चिंचोके हातात द्यावेत आणि गरजांच्या चित्रांवर वाटून ठेवायला सांगावेत. एकीकडे जास्त ठेवले की दुसरीकडचे कमी होतात, तेव्हा माणूस थांबून विचार करतो. लिहिता न येणाऱ्या आजीलाही जमतं.

गोदाकाठ
काल आमच्या बाईंनी मुलींना विचारलं. कडी आहे, पण टाकीत पाणी चढत नाही. ११ पैकी ७ जणी दुपारी घरी निघून जातात. हजेरी सकाळीच घेतो, म्हणून वहीत कधी दिसलंच नाही. तांड्यावर पाच घरं झाली. चार ठिकाणी आजी म्हणाली, पोरांना सोबत नेलं, इथं जेवू कोण घालणार?

शेवगा
टाकीचं काम क्रमात घालूच नका, शाळेच्या अनुदानातून दुरुस्त करा. क्रम लावायचा तो वर्षभर वाट बघावी लागेल अशा कामांचा. आणि पुढची सभा दसऱ्याआधी घ्या.

आकडेमोड
तीन रकाने कबूल. पण भिंत गावठाणात आणि मळ्यात दोन्हीकडे वर आली आणि वसतिगृह फक्त तांड्यात, तर आधी काय? त्याचं उत्तर रकाने देत नाहीत.

गोदाकाठ
शाळेला लागून रस्ता आहे, उसाच्या ट्रॉल्या जातात. भिंतही खोटी मागणी नाही. गुरुवारपर्यंत तांड्याची उरलेली घरं करतो, मग तिन्ही रकाने फळ्यावर लिहून समितीपुढे ठेवतो.