राजीनामा मागे घेणे: मंजुरी नव्हे, शेवटची तारीख पाहा

«कुपवाड एमआयडीसीत आहे. १ जूनला महिन्याची नोटीस देऊन राजीनामा दिला, १२ला मागे घेतला. एचआर म्हणते, मंजूर झालाय, आता जमणार नाही. खरं का?»

मंजुरी झाली म्हणजे विषय संपला, हा एचआरचा लाडका समज आहे. राजीनामा पुढच्या तारखेचा असेल तर ती तारीख उजाडेपर्यंत तो मागे घेता येतो. सर्वोच्च न्यायालयाने श्रीकांत विरुद्ध भारत अर्थ मूव्हर्स (२००५) मध्ये हेच धरले. तिथे ४ जानेवारीला राजीनामा त्याच दिवशी मंजूर झाला, पण कार्यमुक्ती १५ला होती. ८ला घेतलेली माघार वैध ठरली.

म्हणून आधी तुमचं पत्र वाचा. 'ताबडतोब कार्यमुक्त करा' लिहिलं असेल तर मंजुरीबरोबर नोकरी संपते. '३० जूनपासून' असेल तर १२ची माघार वेळेत आहे, कंपनीच्या नियमांत वेगळी तरतूद नसेल तर. माघारीचं पत्र ईमेलने आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा, ३०पर्यंत हजेरी लावा. गेटवर अडवलं तर त्याच दिवशी लेखी कळवा. फुल अँड फायनलवर सही मात्र टाळा.

खरी अडचण पुढे आहे. तुम्ही कायद्याने 'कामगार' असाल तर सांगलीच्या सहायक कामगार आयुक्तांकडे वाद नेऊन परत रुजू होण्याची मागणी करता येते. खाजगी कंपनीत मॅनेजर असाल तर न्यायालय सहसा नोकरी परत देत नाही, फार तर भरपाई.

उलट बाजूने, नोटीस पूर्ण केलेल्याला 'राजीनामा नामंजूर' म्हणून डांबून ठेवता येत नाही. चौकशी प्रलंबित असेल आणि सेवानियमांत तसं असेल, तरच.