मदत हवी आहे: ओपस, के. आणि डी. नंबरांचं काय करायचं?

मंडळी, भाचीच्या पियानोच्या कार्यक्रमाला रत्नागिरीहून मडगावला जायचंय, तिने प्रोग्रॅमचा फोटो पाठवलाय. पहिली मोझार्टची सोनाटा के. ३३१, खाली तीन ओळी: आंदान्ते ग्राझिओझो, मेनुएत्तो, आल्ला तुर्का. ही तीन वेगळी गाणी नाहीत, एकाच रचनेचे तीन भाग आहेत एवढं कळलं, आणि के. म्हणजे कोखेल, ज्याने १८६२ साली मोझार्टच्या रचनांची काळानुसार यादी छापली. इथपर्यंत ठीक.

अडलंय ते शूबर्टपाशी. 'इम्प्रॉम्प्टू, ओपस १४२ नं. ३, डी. ९३५'. आता शूबर्ट गेला १८२८ मध्ये आणि ओपस १४२ छापलं गेलं १८३९ ला, म्हणजे हा नंबर प्रकाशकानेच नंतर चिकटवलेला, बरोबर ना? डी. हा डॉइचच्या यादीतला, तोही काळानुसार लावलेला. मग कधी लिहिलं ते डी. वरून धरायचं आणि ओपस फक्त छपाईचा समजायचा का? आणि चार तुकड्यांना मिळून एकच डी. ९३५, मग नं. ३ म्हणजे त्यातला तिसराच वाजवणार असं समजू का?

शिवाय टाळ्या आंदान्ते संपल्यावर वाजवायच्या की थेट आल्ला तुर्का झाल्यावर? आमच्या घरचे लोक थांबत नाहीत हो, आधीच सांगून ठेवावं लागेल.