मदत हवी आहे: संत्र्यांच्या पेटीचं प्रश्नोत्तरांचं पान नव्याने लिहितोय

नागपुरातून संत्र्यांच्या पेट्या कुरिअरने पाठवतो. वेबसाइटवरच्या प्रश्नोत्तरांच्या पानावर ‘आमचं वेगळेपण काय?’, ‘आमची परंपरा काय?’ असे प्रश्न आहेत. हे आजवर कोणी विचारलेलं नाही. ते काढतोच आहे.

खरे प्रश्न शोधायला व्हॉट्सअ‍ॅपवरचे जुने मेसेज काढले आणि ऑर्डरच्या आधीचे व पेटी मिळाल्यानंतरचे असे वेगळे केले. आधी विचारतात, ‘आमच्या पिनकोडला येईल का?’ आणि ‘पेटीत नग किती?’ ही उत्तरं आता किमतीखालीच टाकली, त्यावर काही अडलेलं नाही.

अडलंय ते नंतरच्या प्रश्नावर. आंबिया बहाराची, म्हणजे पावसाळ्यानंतर तोडणीला येणारी संत्री पाठवली की फोटोसकट मेसेज येतो: ‘हिरवी संत्री पाठवली, किती दिवसांत पिकतील?’ संत्रं तोडल्यावर आंब्यासारखं पिकत नाही. रात्री थंड नसल्या तर आत गोड असूनही साल हिरवट राहते. पानावर ‘सालीचा रंग कसा असतो?’ या प्रश्नाखाली हे लिहून पाहिलं, पण मेसेज थांबले नाहीत. बहुधा मथळा माझ्या भाषेतला आहे म्हणून.

आता ‘संत्री हिरवी आली, कच्ची आहेत का?’ असा त्यांच्याच शब्दांत मथळा द्यायचा विचार आहे. घरचे म्हणतात, हे वाचून नवीन गिऱ्हाईक बिचकेल. पेटीत छापील चिठ्ठी टाकणं सध्या जमणार नाही, पण पेटी निघाल्याचा मेसेज मीच पाठवतो.

ज्यांनी नाशवंत माल ऑनलाइन विकलाय त्यांना विचारतो: असा प्रश्न ऑर्डरच्या आधी दिसेल असा ठेवावा, की फक्त त्या मेसेजमध्ये?