विषय: कोल्हापुरातला फ्लॅट आणि सिबिल ६३८

प्रेषक: प्रसाद (न्यू जर्सी)

मंडळी, नागाळा पार्कात आईबाबांसाठी फ्लॅट बघितलाय. लिफ्ट असलेला, म्हणून घाई आहे. गेल्या महिन्यात पाच बँकांत गृहकर्जाचे अर्ज टाकले, पाचही ठिकाणी नकार. सिबिल स्कोअर ६३८ म्हणे. इथे अमेरिकेत माझा ७८० आहे! पुण्यात नोकरीला असताना एक क्रेडिट कार्ड होतं. ४१,६०० थकले होते, २०१९ मध्ये बँकेने स्वतःहून फोन केला आणि १८,००० वर मिटवलं. पत्रही आहे. मग अडलंय कुठे?

प्रेषक: मंदार (डॅलस)

प्रसाद, सात वर्षांनी जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात, तुझी होतच आली असतील. तोवर भारतातली उरलेली कार्डं बंद करून टाक आणि स्कोअर अजिबात तपासू नकोस. प्रत्येक वेळी बघितला की कमी होतो.

प्रेषक: सुरेश (राजारामपुरी, कोल्हापूर)

प्रसाद, मी बत्तीस वर्षं बँकेत कर्ज विभागात काढली, म्हणून सविस्तर लिहितो.

अमेरिकेतला आकडा इथल्या बँकेला दिसत नाही. इथला स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि तो इथल्या कर्जांच्या नोंदींवरूनच निघतो. तुझं पत्र खरं आहे, पण ते तडजोडीचं आहे. बँकेने २३,६०० रुपये सोडून दिले आणि रिपोर्टात "Settled" लिहिलं. पुढच्या बँकेचा अधिकारी त्याचा अर्थ एवढाच घेतो की या माणसाने पूर्ण पैसे फेडले नाहीत. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे "Closed" असतं.

मंदार, सात वर्षांचा नियम आहे, पण तो नोंद किमान तेवढी वर्षं ठेवावी असा आहे. त्यानंतर पुसलीच पाहिजे असं तो म्हणत नाही, त्या भरवशावर फ्लॅट सोडू नये. आपला रिपोर्ट आपण बघितल्याने स्कोअर घटत नाही. घटतो तो बँकेने अर्जासाठी बघितल्यावर. एका महिन्यात पाच अर्ज म्हणजे पाच चौकशा. प्रसाद, आता नवा अर्ज नको.

आधी सिबिलच्या साइटवरून पूर्ण रिपोर्ट काढ, वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात त्या खात्यावर किती रक्कम सोडल्याचं दाखवलंय ते बघ. मग बँकेला लेखी कळव की उरलेली रक्कम भरायची आहे, आकडा द्या. भरलीस की थकबाकी नसल्याचं पत्र घे आणि नोंद "Closed" करण्याची मागणी त्याच मेलमध्ये कर. एक-दोन महिन्यांत बदल दिसला नाही तर सिबिलकडे ऑनलाइन तक्रार टाक, पत्र जोड. सिबिल स्वतः काही बदलत नाही, बँकेला विचारतं. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे.

एवढ्याने स्कोअर लगेच उडी मारणार नाही. उशिराने भरलेल्या महिन्यांचे आकडे तसेच राहतात. आणि तुझं इथे एकही चालू खातं नसेल तर चांगलं लिहायला जागाच नाही. एनआरओ मुदत ठेवीवर कार्ड मिळतं का विचार. समज मर्यादा ५०,००० मिळाली, तर बिल १५,००० च्या आत ठेव आणि पूर्ण बिल आपोआप कापलं जाईल असं कर. परदेशातल्या लोकांचं इथेच चुकतं: एनआरओ खात्यात पैसे नसतात, हप्ता परत जातो आणि त्यांना पत्ताही नसतो.

प्रेषक: अनघा (एडिसन)

सुरेशकाका, माझं वेगळंच आहे. कागलजवळ दिरांनी गुऱ्हाळासाठी कर्ज घेतलं, मी जामीन राहिले. मी तर एक रुपया घेतला नाही, मग माझा स्कोअर का पडला?

प्रेषक: सुरेश

वहिनी, जामीनदाराच्या रिपोर्टातही ते खातं दिसतं आणि हप्ते थकले तर तुमच्याही नावावर लागतं. बँक दुसरा जामीनदार स्वीकारेपर्यंत तुम्हाला सुटता येत नाही. दिरांकडून खात्याचा उतारा दर महिन्याला मागवा. गाळप हंगाम संपल्यावर हप्ता चुकतो का, ते नक्की बघा.

प्रेषक: प्रसाद

काका, रिपोर्ट काढला. २३,६०० च दिसतात. बँकेचा मेल आला, पण ते २०१९ पासूनचं व्याज धरून ६१,००० मागतात. आता?

प्रेषक: सुरेश

एवढे लगेच भरू नकोस. तडजोडीच्या पत्रात उरलेली रक्कम माफ केल्याचं स्पष्ट लिहिलं असेल, तर व्याज कशाच्या आधारे, हे तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचार. काही बँका सोडलेल्या रकमेवरच मानतात, काही हट्ट धरतात. ही बँक काय करेल ते मी सांगू शकत नाही. पत्राची प्रत मला पाठव, आज संध्याकाळी वाचतो. आणि फ्लॅटवाल्याला टोकन दिलं असशील, तर मुदत वाढवून मिळते का ते आजच विचार.