'कल्चरल ह्युमिलिटी'ला मराठीत काय म्हणता?

सदाफुली
मंडळी, एक अडलंय. समुपदेशकांच्या ट्रेनिंगसाठी मराठीत पुस्तिका करतोय, ग्रामीण भागातून येणारी मुलंमुली आहेत, बरीचशी एमएसडब्ल्यू झालेली. त्यात एक प्रकरण 'कल्चरल ह्युमिलिटी'वर आहे, म्हणजे समोरच्याच्या घरच्या अपेक्षा, श्रद्धा आपल्यापेक्षा वेगळ्या असतील तेव्हा समुपदेशकाने कसं वागायचं. जुन्या मसुद्यात 'सांस्कृतिक नम्रता' असं छापलंय. मागच्या बॅचला विचारलं यातून काय समजलं तर बहुतेकांनी सांगितलं की क्लायंटशी अहो-जाहो करायचं, आवाज चढवायचा नाही, त्यांच्या देवाधर्माला नावं ठेवायची नाहीत. हे सगळं बरोबरच आहे पण मूळ मुद्दा त्यात नाही. दुसरा शब्द सुचवा.

वाडा_चिरेबंदी_नाही
विनम्रता म्हणा. नम्रता आणि विनम्रता यात फरक आहे, 'वि' उपसर्गाने अर्थ गाढ होतो. पण मुळात तुम्ही 'क्लायंट' का लिहिता? सेवार्थी हा चांगला शब्द समाजकार्याच्या पुस्तकांत कधीपासून आहे. आणि ट्रेनिंग नाही, प्रशिक्षण.

सदाफुली
सेवार्थी पुस्तिकेत आहेच, इथे बोलताना क्लायंट येतं तोंडात.

निवृत्त_मास्तर
शब्द कुठलाही वापरा पण नम्रता शिकवाच. माझ्या पुतणीला पुण्यात एकीने दुसऱ्याच भेटीत सांगितलं की तुझे आईवडील टॉक्सिक आहेत, तू वेगळी राहा. पोरगी रडत घरी आली. आईवडिलांचा दोष एवढाच की ते रोज रात्री फोन करून जेवलीस का विचारतात. अशा लोकांना आधी वागायची रीत शिकवायला हवी.

ओसरी
मास्तर, तुमच्या पुतणीचं वाईट वाटलं. पण बघा, ती बाई कदाचित अतिशय गोड आवाजातच बोलली असेल. रीत होती, चुकलं वेगळंच. रोजचा फोन म्हणजे काय हे तिने स्वतःच्या हिशोबाने ठरवून टाकलं, पुतणीला विचारलंच नाही. म्हणून 'नम्रता' हा शब्द कमी पडतो असं सदाफुली म्हणतायत ते पटतं.

हा शब्द रुळला तो १९९८ च्या एका लेखामुळे. मेलनी टर्वालॉन आणि जॅन मरे-गार्सिया, दोघी डॉक्टर, कॅलिफोर्नियात ओकलंडच्या मुलांच्या हॉस्पिटलमधल्या शिकाऊ डॉक्टरांच्या ट्रेनिंगमधून त्यांनी तो लिहिला. तेव्हा सगळीकडे 'कल्चरल कॉम्पिटन्स'चा जोर होता, म्हणजे कुठल्या समाजाचे लोक कसे असतात ते शिकून घ्या आणि तयार व्हा. या दोघींचं म्हणणं होतं की असं शिकून संपत नाही, स्वतःला तपासणं आयुष्यभर चालू ठेवायचं, आणि डॉक्टरच्या हातात जी सत्ता असते तिचाही हिशोब ठेवायचा. आता 'नम्रता'त सत्तेचा हिशोब कुठे येतो? आपल्याकडे तर मोठे साहेबही नम्र असतात आणि निर्णय त्यांचाच असतो.

लिंबोणी
पण माहिती तर हवीच ना? मी आशा कार्यकर्त्यांबरोबर काम करते. आमच्या ट्रेनिंगला तक्ताच दिलेला होता, कुठल्या समाजात बाळंतपणात काय करतात, सुतक किती दिवस, बायका पुरुषांसमोर बोलतात की नाही वगैरे. फार उपयोग झाला. मला वाटतं चांगला तक्ता दिला की नव्वद टक्के काम होतं, बाकी शब्द काहीही ठेवा.

ओसरी
तक्त्याचा उपयोग आहे, नाही म्हणत नाही. सुतकात घरी जाऊन धडकू नये एवढं तरी कळतं. पण त्याच लेखात एक प्रसंग आहे तो सांगते. ऑपरेशन झालेली मध्यमवयीन लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची बाई कण्हत होती. तिथे आलेला एक लॅटिनो डॉक्टर नर्सला म्हणाला, यांना खूप दुखतंय असं दिसतं. नर्स आफ्रिकन-अमेरिकन, म्हणजे स्वतः भेदभाव जवळून माहीत असणारी. ती म्हणाली, मी नर्सिंगला वेगवेगळ्या समाजांच्या पेशंटवरचा कोर्स केलाय, हे लोक दुखणं जास्त दाखवतात. म्हणजे तिचा तक्ता पाठ होता, आणि त्या तक्त्यामुळेच समोर कण्हणारी बाई तिला दिसेना. माहिती नसती तर निदान विचारलं असतं.

लिंबोणी
हं. हे खरंय. पण मग नवीन मुलांना हातात काय द्यायचं? 'स्वतःला तपासा' म्हटलं की ती नुसती बघत बसतात.

चाकणकर
मी एका संस्थेत समुपदेशक आहे, कारखान्यातली पोरं येतात आमच्याकडे. एक केस सांगतो, तपशील बदललेत. बीडकडचा मुलगा, एकोणतीस वर्षांचा, पगार बत्तीस हजार, त्यातले वीस घरी. झोप तीन-चार तास, छातीवर दाब, ईसीजी नॉर्मल. दिवाळीनंतर बहिणीचं लग्न. आधी जिच्याकडे गेला तिने कागदावर गोल काढून आत 'माझ्या गरजा' लिहायला लावल्या आणि होमवर्क दिलं की या महिन्यात वडिलांना सांग, दहाच पाठवणार. हा म्हणाला हो मॅडम, बरोबर आहे तुमचं. आणि परत गेलाच नाही.

हा 'हो मॅडम' ओळखायला शिकवा असं मी म्हणेन. आपल्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत, समुपदेशक म्हणजे मॅडम नाहीतर सर, मग होच म्हणणार. लगेच हो, एकही प्रश्न नाही, पुढच्या वेळी होमवर्क झालेलं नाही आणि 'काही गोळी मिळेल का' अशी विचारणा, हे सगळं एकत्र दिसलं की समजायचं आपण आपल्याच घरचं काहीतरी त्याच्यावर लादलंय.

नंतर तो आमच्या सहकारी ताईंकडे आला. त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं, मी शहरात वाढले, आमच्याकडे ज्याचा पगार त्याच्याकडे राहायचा, तर तुमच्या घरचा व्यवहार मला पटकन कळणार नाही, चुकत असेन तर थांबवा. मग विचारलं, तुमच्या या त्रासाला घरी काय म्हणतात, कशामुळे सुरू झाला असं तुम्हाला वाटतं, आणि घरातलं कोणाला माहितेय. तेव्हा कुठे पोरगा बोलला. पैसे पाठवण्याचं त्याला ओझं नव्हतंच, उलट अभिमान होता. लग्नाची बैठक झाली, कार्यालय ठरलं, आकडा ठरला, आणि याला हे चुलत्याच्या फोनवरून कळलं. घर मी चालवतो आणि बैठकीला मला बोलावलं नाही, हे छातीवर बसलं होतं. दहा हजार पाठवले असते तर ते वाढलं असतं.

पुढे वडिलांशी थेट बोलायचा प्रश्नच नव्हता, त्यांच्याकडे मोठा मुलगा वडिलांना जाब विचारत नाही. ताईंनी विचारलं, अशा वेळी कोणाकडून बोलणं जातं? तर मामा. मग मामाला काय सांगायचं, कुठल्या शब्दांत, याची दोन सेशन तयारी केली. पुढच्या बैठकीला तो होता. पैसे अजून वीसच जातात. झोप सुधारली, पूर्ण नाही.

सदाफुली
हे प्रकरणात घालू का? ताईंनी विचारलेले प्रश्न अगदी हवे तसे आहेत.

ओसरी
घाला. तसेच प्रश्न २०१३ ला आलेल्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तकातल्या मुलाखतीतही आहेत, एकूण सोळा प्रश्न, त्यातला दुसरा हाच की तुमचा त्रास घरच्यांना, ओळखीच्यांना सांगताना कसा सांगाल. आणि शेवटचा मला फार आवडतो. पार्श्वभूमी वेगळी असली की डॉक्टर-पेशंटमध्ये गैरसमज होतात, तुम्हाला तशी काही काळजी वाटतेय का, असा. तो मात्र शेवटपर्यंत राखून ठेवू नका, 'हो मॅडम'वाल्या माणसाला लवकर विचारा, आणि दोनदा विचारा, पहिल्यांदा तो 'छे छे' म्हणणार.

वाडा_चिरेबंदी_नाही
गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत पहिलंच 'अमानित्व' आहे. मोठेपणाची अपेक्षा न धरणं. तुम्ही जे सांगताय त्याला याच्याइतका नेमका शब्द नाही. आपल्याकडे शब्द असताना ओकलंडकडे का बघायचं?

रानवाट
कारण माझ्या पाड्यावरच्या मुलीला अमानित्व कळणार नाही, आणि 'आधी तुमचं संस्कृत शिका मग आमच्या घरचं समजून घ्या' असा उलटाच संदेश जाईल. आम्ही बोलताना 'आपली फूटपट्टी बाजूला ठेव' म्हणतो.

ओसरी
फूटपट्टी बाजूला ठेवताच येत नाही हीच तर अडचण. ताईंनी ती ठेवली नाही, उघड टेबलावर मांडली, की माझ्याकडे असं असतं. त्यामुळे मला 'भान' बरं वाटतं. सांस्कृतिक आत्मभान.

लिंबोणी
भान तर अवेअरनेसला वापरतात.

कायदा_सोप्या_भाषेत
शब्दाचं चालू द्या, मला दुसरंच खटकलं. 'आकडा ठरला' म्हणजे हुंडाच ना? १९६१ चा कायदा आहे, देणं-घेणं दोन्ही गुन्हा. समुपदेशक त्या मुलाला त्या बैठकीत नीट बसता यावं म्हणून दोन सेशन तयारी करून घेतो? ही नम्रता की मूक संमती?

चाकणकर
आकड्यात जेवणावळ, कार्यालय, मानपान सगळं होतं, पण होय, थोडं रोखही असणार. ताईंनी विषय टाळला नाही. मला हे पटत नाही हे त्यांनी सांगितलं आणि त्याला काय वाटतं ते विचारलं. तो म्हणाला, मलाही पटत नाही पण मी नाही म्हटलं तर बहिणीचं मोडेल. बैठकीत बसल्यावर त्याने गाडीचं काढून टाकायला लावलं. बाकीचं राहिलं.

कायदा_सोप्या_भाषेत
म्हणजे थोडा हुंडा चालला.

ओसरी
सीमा आहेत, त्या पुस्तिकेत ठसठशीत लिहायलाच हव्यात. अठराखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सोखाली कळवणं बंधनकारक आहे, तिथे 'त्यांच्याकडे चालतं' नाही. मारहाण, जिवाचा धोका, तिथेही नाही. पण कळवतानासुद्धा त्या मुलीला आधी सांगायचं की मी काय करणार आहे आणि का, घरात कोणाची भीती वाटते ते विचारायचं. हुंड्यासारख्या ठिकाणी मात्र माझ्याकडे तयार उत्तर नाही. स्वतःचं मत लपवणं खोटेपणा, आणि मत सांगितल्यावर मॅडमच्या खुर्चीमुळे तो होच म्हणणार.

रानवाट
मुळात 'समुपदेशक' शब्दातच उपदेश बसलाय, तो आधी बदला.

वाडा_चिरेबंदी_नाही
उपदेशचा मूळ अर्थ जवळ जाऊन दाखवणं असा आहे, उप म्हणजे जवळ, दिश् म्हणजे दाखवणं. शब्दाचा दोष नाही, आपण तो बिघडवला.

रानवाट
पाड्यावर उपदेश म्हणजे उपदेशच. ती दारातून वळून जाते.

सदाफुली
शुक्रवारी छपाईला जातंय. सध्या मथळ्यात 'सांस्कृतिक आत्मभान' ठेवते, कंसात काही नाही. चाकणकर, ताईंची परवानगी विचाराल का? आणि हुंड्याचा भाग काढणार नाही, उलट ट्रेनिंगला त्यावरच दोन तास ठेवते.

निवृत्त_मास्तर
पुतणीला आता कोणाकडे पाठवावं, कोणी सांगेल का? पुण्यातच हवं.