मदत हवी आहे: दहावीच्या निरोपाचा कोलाज, सगळे फोटो एका उजेडातले दिसायला हवेत

निळीशाई
मुलांच्या निरोप समारंभासाठी कोलाज करतेय. प्रत्येकाचा कटआउट काढून, एकमेकांच्या खांद्याआड खांदे येतील असे चार रांगांत लावलेत. पण सगळं वर्तमानपत्रातून कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतंय. कुणी पिवळं, कुणी निळं, कुणाच्या तोंडावर फ्लॅश. एकदम सगळ्यांचा उजेड सारखा करायचं बटण कुठे असतं? शुक्रवारी कार्यक्रम आहे, कृपया लवकर सांगा.

झब्बू
कुठलं सॉफ्टवेअर? किती मुलं? केवढं छापणार? शुक्रवार म्हणजे हाच का?

मुंगूस
फोटो निवडून ऑटो टोन मारा, दोन मिनिटांचं काम. मी बहिणीच्या लग्नाच्या अल्बमला तेच केलं होतं.

निळीशाई
ऑटो करून झालंय. त्याने दोन मुली गुलाबी झाल्या आणि एक सावळा मुलगा राखेत लोळून आल्यासारखा दिसायला लागला. त्याच्या आईने ओळखलंही नसतं.
झब्बू, Photopea वापरतेय, शाळेच्या संगणकावर. ४३ मुलं. फ्लेक्स ६ बाय ४ फूट. शुक्रवार हाच.

पाटीपेन्सिल
सगळ्यांना मैदानावर उभं करून एकच ग्रुप फोटो का नाही काढत? आमच्या वेळी पुढची रांग मांडी घालून, मधली बाकावर बसून, मागची बाकांवर उभी. छायाचित्रकार काळ्या कापडात डोकं घालायचा आणि हेडसर ओरडायचे, "हलू नका!" आमच्या फोटोत एक जण हललाच. आता तो तहसीलदार आहे.

निळीशाई
काका, मुलं अभ्यासाच्या सुट्टीवर आहेत. पालकांनी घरूनच गणवेशातले फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेत. तीन नमुने इथे चढवतेय, बघून सांगा.

अनिवासी_चिंचवडकर
थांबा, मुलांचे चेहरे उघड्या धाग्यावर टाकू नका. पालकांनी फोटो तुम्हाला दिलेत, आपल्याला नाही.

फोकसकाका
चिंचवडकर बरोबर बोलतायत आणि मला चेहरे नकोच आहेत. गणवेशाचा शर्ट पांढरा आहे का? असेल तर Window मधून Info उघडा आणि शर्टावर, कॉलरच्या जरा खाली, उजेडाच्या बाजूला माउस धरून तिन्ही आकडे लिहा. पंचेचाळीस वर्षं स्टुडिओ चालवलाय, शर्टावरून उजेड कळतो.

निळीशाई
हो, सगळ्यांचा पांढरा शर्ट, निळी पँट किंवा स्कर्ट.
पहिला फ्लॅशवाला: २५५, २५५, २५५.
दुसरा दिव्याखालचा: २३६, २१४, १७८.
तिसरा गच्चीवर सावलीतला: १७१, १८४, २०६.

फोकसकाका
बघा, झालं की निदान. ४३ जणांच्या अंगावर एकच पांढरं कापड आहे. चेहरे सारखे करायला गेलात की वर्ण पुसले जातात, ऑटोने नेमकं तेच केलं. शर्ट सारखा करा. चेहऱ्यावर आणि शर्टावर उजेड एकच पडलेला असतो, त्यामुळे चेहरा आपोआप स्वतःच्या रंगावर येतो.
शर्टाचं लक्ष्य २२५ धरा, तिन्ही रंगांत. दुसऱ्या मुलाच्या लेयरवर Curves चा ॲडजस्टमेंट लेयर घ्या, Clipping Mask करा म्हणजे तो शेजाऱ्याला लागणार नाही. मग लाल रंगाच्या रेषेवर २३६ चा बिंदू २२५ वर आणा, हिरव्यावर २१४ चा २२५ वर, निळ्यावर १७८ चा २२५ वर. दिव्याचा पिवळेपणा जातो. तिसऱ्यालाही तसंच, फक्त त्याला तिन्ही रेषा वर जातील. सावलीतला फोटो मुळात काळवंडलेलाच असतो, त्यात वरून आभाळाचा निळा.
पहिला मात्र गेला. २५५ म्हणजे तिथे काही उरलेलंच नाही, ते खाली ओढलंत तर शर्ट मळकट राखाडी होईल आणि घड्या काही परत येणार नाहीत. त्याच्या कॉलरच्या आतल्या सावलीत बघा काही आकडे मिळतात का. नाहीतर फोटो परत काढा.

झब्बू
काका, शर्ट पांढरा असला तरी एकसारखा पांढरा नसतो ना. एका घरी नीळ घालतात, एका घरी पावडरने चमकवतात, आणि थोरल्या भावाचा आलेला शर्ट पिवळसरच असतो. सगळ्यांना २२५ वर आणलंत तर भावाचा शर्ट घातलेल्याचा चेहरा निळा पडेल.

फोकसकाका
मुद्दा मान्य. आकडे सारखे करून डोळ्यांचा पांढरा आणि दात बघायचे. ते निळसर दिसले की त्या लेयरची Opacity ६०-७० वर आणायची. पण ४३ पैकी असे चार-पाचच निघतील.

झब्बू
आमच्या शाळेत निम्मे निघाले असते.

मुंगूस
एवढा आटापिटा कशाला? सगळा कोलाज काळापांढरा करा. क्लासिक दिसतो.

फोकसकाका
छापायला नको, पण तपासायला जरूर करा. सगळ्यात वर Black & White लेयर टाकायचा, चित्र बोटभर छोटं करायचं आणि खुर्ची मागे सरकवून बघायचं. जो चेहरा भोकासारखा काळा किंवा दिव्यासारखा पांढरा दिसतो त्याची Curves अजून चुकलीय. रंगात हे कळत नाही, डोळा फसतो. झालं की तो लेयर बंद करायचा.

निळीशाई
काका, दंडवत. १४ मुलांचं केलं, रंग खरंच जुळले. पण तरी काहीतरी खटकतंय. रंग एक झाला तरी एकाच खोलीत उभे आहेत असं वाटत नाही.

फोकसकाका
नाकाची सावली कुठल्या गालावर पडलीय ते प्रत्येकाचं बघा. किती जणांची डावीकडे, किती जणांची उजवीकडे?

निळीशाई
अरे देवा. २६ जणांना उजेड डावीकडून आहे, ९ जणांना उजवीकडून, बाकी समोरून.

मुंगूस
मग ९ जण आडवे उलटवा. Flip Horizontally. सुटला प्रश्न.

झब्बू
आणि खिशावरचा शाळेचा बिल्ला? तो उजव्या छातीवर जाईल आणि अक्षरं आरशातली होतील. भांग पण उलटा. आई एका नजरेत सांगते, "हा माझा नाही."

फोकसकाका
दोघंही थोडे बरोबर. Curves ने उजेड कमीजास्त होतो, त्याची दिशा बदलत नाही. उलटवणं हा एकच सरळ उपाय, पण तो मागच्या रांगेतल्यांना, ज्यांचा खिसा पुढच्याच्या डोक्याआड जातोय. चेहऱ्यावर तीळ किंवा व्रण असेल तर तेही नको. पुढच्या रांगेत उजवा उजेडवाला कुणी ठेवूच नका. समोरून उजेडवाले कुठेही चालतात.
ती ९ मुलं शाळेत येणार आहेत का या आठवड्यात?

निळीशाई
बुधवारी हॉलतिकीट घ्यायला सगळेच येतील. हे मला सुचायला हवं होतं.

फोकसकाका
मग झालंच. व्हरांड्यात, ऊन येत नाही अशा जागी, खांबाजवळ खडूने दोन पावलं काढा. मुलाचा डावा-उजवा सोडा, चित्रात डावीकडे मोकळं आभाळ येईल असं उभं करा. मोबाइल मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, अडीच मीटरवरून, फ्लॅश बंद. जवळून काढलंत तर नाक मोठं येतं आणि ते डोकं शेजाऱ्याशी कधीच जुळत नाही. ९ मुलांना अर्धा तास पुरे. फ्लॅशवाल्यालाही त्यातच घ्या.

अनिवासी_चिंचवडकर
व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंवर ६ फुटी फ्लेक्स? सगळं फुटेल. पालकांना डॉक्युमेंट म्हणून परत पाठवायला सांगा.

झब्बू
नाही फुटणार. ६ फूट म्हणजे ७२ इंच, एका रांगेत ११ जण, म्हणजे प्रत्येकाला साडेसहा इंच. खांदे आड गेले तरी चेहरा फार तर पाच इंच उंच. फ्लेक्स लांबून बघतात, इंचाला ७२ ठिपके पुरतात. म्हणजे चेहऱ्याला ३६० ठिपके. कमरेपर्यंतच्या साध्या व्हॉट्सॲप फोटोत एवढे मिळतात. फ्रेमसाठी कागदावर छापणार असाल तर मात्र चिंचवडकरांचं ऐका.

पाटीपेन्सिल
निरोपाच्या भाषणासाठी माझ्याकडे चांगल्या चारोळ्या आहेत. हव्या असतील तर व्यनि करा.

निळीशाई
काका, चारोळ्या आहेत, धन्यवाद.
शेवटचं विचारते. एकमेकांवर आलेले खांदे अजून स्टिकरसारखे दिसतायत. Drop Shadow दिलाय सगळ्यांना.

फोकसकाका
तोच काढा आधी. तो डोक्याभोवती, कानाभोवती, सगळीकडे सारखा पडतो, म्हणून स्टिकर. सावली फक्त तिथे हवी जिथे पुढचा मागच्याला खरोखर झाकतो. मागच्या मुलाच्या लेयरवर नवा रिकामा लेयर, Clipping Mask, Multiply. काळा रंग नको, पांढऱ्या शर्टावर सावली निळसर राखाडी असते. मऊ ब्रश, २० टक्के. तुमचा उजेड डावीकडून वरून आहे, म्हणून पुढच्या डोक्याच्या आणि खांद्याच्या उजव्या कडेलगत फिरवा. कडेला चिकटून गडद, दोन बोटं पुढे गेली की संपली. डावीकडे काही नको.
आणि कटआउटच्या कडेला घरच्या भिंतीची पांढरी रेघ राहिली असेल, ती निळ्या स्कर्टवर उठून दिसते. Select मधून Modify, Contract एक पिक्सेल, मग मास्क. वेण्यांना मात्र हे करू नका, मोकळ्या बटा जातात.

झब्बू
वरून काढलेले फोटो, म्हणजे आई उभी आणि मूल बसलेलं, ते पुढच्या रांगेत घ्या. पुढची रांग आपण जरा वरूनच बघतो. मागे ठेवलेत तर ते डोकं तरंगतं.

निळीशाई
बुधवार, रात्रीचे ११. दहाही जणांचे फोटो व्हरांड्यात काढले, बसवले, आणि शर्ट जवळजवळ न हात लावता जुळले. संगणक दोनदा बंद पडला, मग एकेक मूल वेगळं करून PNG केलं आणि शेवटी एकत्र आणलं. फ्लेक्सवाला उद्या दुपारी १२ पर्यंत फाइल मागतोय.
४२ झाले. एक मुलगी राहिली, आईवडील ऊसतोडीला गेलेत, तीही सोबत. हॉलतिकीट मामा घेऊन गेला. तिचा एकच फोटो आहे, सहलीतला, टोपीची सावली कपाळापासून नाकापर्यंत आणि खाली कडक ऊन. रंगीत फ्रॉक आहे, पांढरं काहीच नाही अंगावर.

मुंगूस
सावली Dodge ने उजळा.

फोकसकाका
फार तर थोडी. जास्त उजळलीत की टोपीखाली राखाडी पट्टा दिसेल आणि दाणे उठतील. टोपी राहू द्या. मागे डबा किंवा बाटली आहे का कुणाची पांढरी, फोटोत?

निळीशाई
शेजारच्या मैत्रिणीच्या पायात पांढरे कॅनव्हास बूट आहेत. धुळीने भरलेले.

झब्बू
मामाला आत्ता फोन लावा. तिकडे फडावर कुणाकडे तरी मोबाइल असेलच. पहाटे उन्हं यायच्या आत कोपीच्या सावलीत एक फोटो, डॉक्युमेंट म्हणून.

निळीशाई
लावला. उचलत नाहीये. पाचला परत लावते.