अनुभव धागा: दाराशी आलेल्या सर्वेक्षकांना निरोप कसा देता?

गेल्या वेळी पोलिओच्या पथकातील ताई आल्या, तेव्हा मी "आमच्याकडे लहान मूल नाही" एवढे म्हणून दार लावले. मागाहून चौकटीशेजारी खडूने लिहिलेले 'पी' दिसले. घाईत आपण तुटक वागलो, ही रुखरुख राहिली. आपण अशा वेळी काय बोलता, ते सविस्तर लिहावे.

पुण्याहून एक आजोबा: 'पी' म्हणजे पोलिओ झाला आणि 'एक्स' म्हणजे घरात मूलच नाही, असे मी समजतो. त्यामुळे आपल्या दारावर 'पी' चुकून पडले असावे.

आशा सेविका, नाशिक जिल्हा: आजोबा, पहिले अर्धे बरोबर आहे. पाच वर्षांखालील मूल नसलेल्या घरावरही आम्ही 'पी'च लिहितो. एखादे मूल डोसाविना राहिले किंवा घराला कुलूप असले, की 'एक्स' पडतो आणि त्या घरी पुन्हा जावे लागते. म्हणूनच "नंतर या" हे शब्द कितीही गोड आवाजात म्हटले, तरी आम्हाला जड जातात. एका घरी सासूबाईंनी चहा विचारला, बसायला पाट दिला आणि "मूल नाही" असे सांगितले. तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला. मूल लेकीचे, म्हणजे पाहुण्यांचे होते, म्हणून त्यांनी ते मोजलेच नव्हते. पाहुण्यांचे मूलही आम्हाला हवे असते. त्याच्या डाव्या करंगळीवर शाई नव्हती, म्हणून दोन थेंब पाजले, शाई लावली आणि पुढे निघाले. चहा नाकारला, कारण लस थंड राहायला हवी आणि घरे बरीच उरली होती. "पाच वर्षांखालील कोणी नाही, पाहुण्यांतही नाही" असे एक पूर्ण वाक्य मिळाले, की निरोप आपोआप होतो.

ठाण्याहून एक गृहिणी: आमच्याकडे गणपतीच्या वर्गणीसाठी मुले येतात आणि मागच्या वर्षीच्या पावतीवरचा आकडा दाखवून वाढवून मागतात. मी रक्कम आधीच पाकिटात घालून ठेवते आणि "यंदा एवढेच, पावती द्या, आरतीला येईन" असे म्हणते. विषय थोडा वेगळा आहे, याची कल्पना आहे.

पालिका कर्मचारी: जानेवारी २०२४ मध्ये मराठा आणि खुल्या प्रवर्गाच्या सर्वेक्षणाला मी मोबाइल घेऊन फिरलो. प्रश्नावली लांबलचक होती. एका गृहस्थांनी सुरुवातीलाच "माझ्याकडे दहाच मिनिटे आहेत, तेवढ्यात होईल का?" असे विचारले. मी नाही म्हटल्यावर त्यांनी संध्याकाळची सातची वेळ दिली आणि ती पाळली. हाही "नंतर या"च झाला, पण त्याला वेळ जोडलेली होती.

आशा सेविका: वेळ ठरलेली असेल, तर माझी तक्रार नाही. मात्र आमच्या वाडीत संध्याकाळी सातला पुन्हा जायचे, तर सोबत कोण येणार, हे आधी पाहावे लागते.